आधी काय सांभाळायचं? सोमदेवसूरींचा तीन पुरुषार्थांचा हिशोब



लग्नाच्या मांडवात नवरा मुलगा एक वचन देतो, ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. धर्म, अर्थ आणि काम या बाबतींत मी हिला ओलांडून वागणार नाही, असं ते वचन. अक्षता हातात घेऊन उभं असताना कधी मोजलंत का, की पुरुषार्थ चार म्हणतात आणि इथे मात्र तीनच येतात? मोक्ष त्यात नाही. विसरून राहिलेला नाही, तो मुद्दाम बाहेर ठेवलेला आहे.

जुन्या ग्रंथांत आधी या तिघांचाच गट होता. त्याला त्रिवर्ग म्हणत. धर्म म्हणजे कर्तव्य आणि सदाचार, अर्थ म्हणजे पैसा-अडका, जमीन, व्यापार, सत्ता, एकूण जगण्याची साधनं, आणि काम म्हणजे सुख, आवड, प्रेम, इंद्रियांना हवंसं वाटणारं सगळं. मोक्ष चौथा म्हणून पुढे जोडला गेला, आणि तो या तिघांच्या जातीचा नाही. हे तिन्ही संसारात राहून मिळवायचे, तर मोक्ष म्हणजे संसारातूनच सुटायचं. म्हणून नवराबायकोच्या भागीदारीच्या करारात पहिले तीन येतात. चौथ्याची भागीदारी होत नाही, तिथे ज्याचा त्याने जायचं असतं.

आता तिघांत मोठा कोण, यावर आपल्या देशात फार जुना वाद आहे. महाभारताच्या शांतिपर्वात युधिष्ठिर हाच प्रश्न भावांना आणि विदुराला विचारतो. विदुर धर्माची बाजू घेतो. अर्जुन म्हणतो, अर्थाशिवाय बाकी दोन्ही उभेच राहत नाहीत. नकुल-सहदेव धर्माला धरून मिळवलेल्या अर्थाच्या बाजूने बोलतात. भीम सरळ सांगतो की इच्छाच नसेल तर माणूस धर्मही करणार नाही आणि धंदाही करणार नाही, म्हणून काम मोठा. शेवटी युधिष्ठिर मोक्षाकडे वळतो. मला यातलं भीमाचं बोलणं सर्वांत प्रामाणिक वाटतं, पण ते असो. मनुस्मृतीही वेगवेगळी मतं नोंदवून शेवटी तिन्ही मिळूनच कल्याण असा निवाडा देते. कौटिल्य मात्र अर्थाला पुढे बसवतो. कामसूत्रकार वात्स्यायन वयाची वाटणी सुचवतो: लहानपणी विद्या, तरुणपणी काम, म्हातारपणी धर्म आणि मोक्ष.

हे सगळे मोठे लोक. पण घर चालवणाऱ्या बाईला यातून एक गोष्ट मिळत नाही. तिघांचं एकमेकांशी भांडण लागलं तर त्या दिवशी नेमकं करायचं काय? याचं सर्वांत नेमकं उत्तर मला एका दिगंबर मुनींच्या पुस्तकात सापडलं, आणि ते मुनी आपल्याच मुलखाच्या शेजारचे निघाले. म्हणून आजचा हा लेख.

आधी मुलूख सांगते. आपलं लातूर म्हणजे जुनं लत्तलूर. राष्ट्रकूट राजे आपल्या बिरुदात स्वतःला लत्तलूर नगरीचे स्वामी म्हणवत. नांदेडहून लातूरकडे जाताना लोह्याजवळून कंधारला रस्ता जातो. त्या कंधारचं नाव राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्याशी जोडलेलं आहे, आणि तिथला जगत्तुंग सागर आजही राष्ट्रकूटांच्या बिरुदाची आठवण ठेवून आहे. याच तिसऱ्या कृष्णाच्या काळात, त्याच्या मांडलिक चालुक्यांच्या राज्यात, वेमुलवाड्याच्या परिसरात आचार्य सोमदेवसूरी होऊन गेले. वेमुलवाडा आज तेलंगणात, करीमनगरच्या बाजूला आहे. त्यांचा ‘यशस्तिलकचंपू’ शके ८८१ मध्ये, म्हणजे इ.स. ९५९ मध्ये, गंगाधारा या गावी पूर्ण झाला. आणि त्यांना मिळालेल्या दानाचा ताम्रपट कुठे सापडला माहीत आहे? आपल्या परभणीला. शके ८८८, म्हणजे इ.स. ९६६ चा तो ताम्रपट आहे. त्याविषयी शेवटी सांगते.

सोमदेवांचं दुसरं पुस्तक ‘नीतिवाक्यामृत’. नावाप्रमाणे ते नीतीचं, म्हणजे राज्यकारभाराचं पुस्तक आहे. त्यात बत्तीस प्रकरणं आहेत आणि वाक्यं अगदी छोटी, गाठ मारून ठेवल्यासारखी. पहिलं प्रकरण धर्माचं, दुसरं अर्थाचं, तिसरं कामाचं. मोक्षाचं वेगळं प्रकरण नाही. सुरुवातीला नमस्कार केला आहे तोही राज्याला, कारण राज्य नीट चाललं तरच लोकांना धर्म, अर्थ आणि काम यांचं फळ मिळतं. अंगावर वस्त्र नसलेल्या, परिग्रह सोडलेल्या मुनींनी असं लिहावं याचं मला पहिल्यांदा वाचताना फार नवल वाटलं होतं.

त्यांचा पहिला नियम असा की तिघांना सारखं सांभाळा. पण इथे ‘सारखं’ म्हणजे तागडीत मोजून समान नव्हे. कारण लगेच ते सांगतात की तिघांतल्या एकाचाच अतिरेक केला तर तो स्वतःलाही पीडा देतो आणि उरलेल्या दोघांनाही. यातलं ‘स्वतःलाही’ महत्त्वाचं आहे. अर्थाच्या अतिरेकाने धर्म बुडतो हे कोणीही सांगेल. सोमदेव म्हणतात, अर्थाच्या अतिरेकाने अर्थच बुडतो, आणि धर्माच्या अतिरेकाने धर्मच. म्हणजे तोल गेला की नाही हे ओळखायची खूण त्याच पुरुषार्थाच्या आत आहे, शेजाऱ्याशी तुलना करायची गरज नाही.

दुसरा नियम क्रमाचा. धर्म, अर्थ आणि काम एकाच वेळी समोर येऊन उभे राहिले आणि सगळे जमणं शक्य नसेल, तर आधीचा तो जास्त वजनाचा. म्हणजे कामापेक्षा अर्थ, आणि अर्थापेक्षा धर्म. इथपर्यंत सगळं अपेक्षित आहे. पण पुढच्याच वाक्यात ते अपवाद घालतात: वेळ थांबणार नसेल, तर अर्थच आधी. आणि कारण देतात की धर्म आणि काम या दोघांचंही मूळ अर्थात आहे. हे कारण कौटिल्याचं आहे. पण कौटिल्याने जे सरसकट म्हटलं, त्याला सोमदेवांनी फक्त तातडीच्या वेळेपुरतं बांधून टाकलं. मी कॉमर्सची पदवीधर, मला हा फरक फार आवडतो. सर्वसाधारण नियम एक आणि आणीबाणीची तरतूद वेगळी, आणि तिला अट लावलेली.

या अपवादाचा अर्थ मला लातूरमुळे कळतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या पिढीतली कोण विसरेल? आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगाव गणपती विसर्जन झालेलं, आणि आपल्याकडे दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस. कितीतरी घरांत बायका उपवास सोडायच्या तयारीत झोपलेल्या. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. नांदेडलाही फळीवरची भांडी खणखणली होती. त्या आठवड्यात पर्वासाठी बाजूला ठेवलेला पैसा कशासाठी वापरायचा, हा प्रश्न कोणाला पडला असेल असं वाटत नाही. तो पत्रे, पीठ, औषधं आणि पांघरुणं यांच्याकडेच गेला पाहिजे होता. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, पुढे वाघोलीला त्यांची राहण्याची आणि शाळेची सोय झाली. छप्पर, वह्या, रोजचं जेवण हे सगळं अर्थात मोडतं. ते त्या महिन्यातच हवं होतं, पुढच्या वर्षी देऊन उपयोग नव्हता. सोमदेवांच्या ‘वेळ थांबणार नसेल तर’ याचा अर्थ मी असा घेते.

पण हा अपवाद वापरायला फार सोपा आहे, आणि तिथेच घोटाळा होतो. दुकानात सीझन आहे, यंदा देवदर्शन राहू दे. मुलाचं ॲडमिशन आहे, यंदा दान राहू दे. दर वर्षी वेळ थांबत नाहीच. मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे: हे आज केलं नाही तर पुढे भरून निघणार नाही असं नुकसान होईल का, आणि ही निकड कोणत्या तारखेला संपेल हे मला सांगता येतं का? तारीख सांगता येत नसेल तर ती निकड नाही, ती सवय झाली.

आता अर्थाचं प्रकरण. हे वाचताना मला बी.कॉम.च्या वर्गात बसल्यासारखं वाटलं. अर्थाच्या मागे नीट जाणं म्हणजे काय? जे मिळालं नाही ते मिळवणं, मिळालेलं राखणं, आणि राखलेलं वाढवणं. आणि पैसा हमखास बुडवणारी तीन माणसं ते नावं देऊन सांगतात. ही नावंही कौटिल्याकडे आहेत. पहिला ‘तादात्विक’, म्हणजे हाती आलं की पुढचा विचार न करता उडवणारा. दुसरा ‘मूलहर’, म्हणजे बापजाद्यांनी ठेवलेलं मूळ भांडवलच खाणारा. तिसरा ‘कदर्य’, म्हणजे नोकरांना आणि स्वतःलाही पिडून पैसा साठवणारा.

पहिले दोघं सगळ्यांना दिसतात, समाजात त्यांची चर्चाही होते. तिसऱ्याची मात्र आपण स्तुती करतो. ‘किती काटकसरी बाई आहे’ म्हणतो. कामवालीचा पगार तीन-तीन वर्षं न वाढवणं आणि स्वतःचं गुडघ्याचं दुखणं दवाखान्यात न दाखवणं, ही दोन्ही लक्षणं सोमदेवांनी एकाच माणसात पाहिली आहेत. जो स्वतःला पिडतो तो हाताखालच्यालाही पिडतो. माझ्या पाहण्यातही असंच आहे.

याला जोडून ते आणखी एक सांगतात. धर्मात आपले सोबती असतात आणि कामात आपले सोबती असतात. या दोघांना ते ‘तीर्थ’ म्हणतात. जो आपल्या पैशातून या तीर्थांचा मान राखत नाही, त्याचा पैसा मधाच्या पोळ्यासारखा मुळासकट जातो. पोळं कसं, माशा साठवत राहतात आणि एक दिवस कोणीतरी सगळंच काढून नेतं. तीर्थ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिखरजी किंवा गिरनार येतो. इथे दुकानातला मुनीम, शेतातला सालगडी आणि घरातली स्वयंपाकवाली हेही तीर्थात आले.

मग मिळकतीचे वाटे कसे करायचे? पुढे गुजरातेत आचार्य हेमचंद्रांच्या ‘योगशास्त्रा’च्या परंपरेत गृहस्थासाठी एक जुना हिशोब दिलेला आढळतो. मिळकतीचे चार भाग करा. एक साठवा, एक धंद्यात घाला, एक धर्म आणि उपभोग या दोघांत मिळून खर्च करा, आणि एक ज्यांना पोसायची जबाबदारी आपली आहे त्यांच्यावर.

समजा एका किराणा दुकानदाराच्या घरात महिन्याला ८० हजार सुटतात. मग २० हजार बचत, २० हजार पुन्हा दुकानात, २० हजार घरातल्या माणसांवर, म्हणजे म्हातारे सासू-सासरे, मुलं, नोकर यांच्यावर. उरलेल्या २० हजारांत दानही बसवायचं आणि साडी, सहल, नातवाचा वाढदिवसही. इथे धर्म आणि काम एकाच डब्यात ठेवलेत, ही मला खरी शहाणपणाची गोष्ट वाटते. दान वाढवायचं तर स्वतःच्या हौसेतून वाढवा, सासऱ्यांच्या औषधातून किंवा दुकानाच्या मालातून नको. आजच्या घरांना हा हिशोब जसाच्या तसा बसत नाही, हेही खरं. नोकरदाराला धंद्याचा वाटा नसतो, तिथे घराचा हप्ता किंवा मुलीचं शिक्षण येतं. औषधपाणी आणि भाडं वीस हजारांत आवरत नाही. भाग मागेपुढे होतील. पण कोणता खर्च कोणत्या डब्यातून काढायचा नाही, तेवढं तरी त्यातून कळतं.

मध्यंतरी माझ्या धाकट्या जाऊबाई विचारत होत्या, “ताई, बोली बोलताना हात आखडता घ्यावा का? सगळे बघत असतात हो.” मी म्हटलं, “अगं, हेमचंद्रांच्या परंपरेत याचंही उत्तर आहे. जो अर्थाकडे पाठ करून नुसता धर्म आणि काम करतो, तो कर्जबाजारी होतो.” त्या म्हणाल्या, “मग धर्म कमी करायचा?” मी म्हटलं, “नाही, आपल्याकडे आहे तेवढ्यात करायचा. बोली मोठी बोलून तीन वर्षं भरायची नाही, तर ते देणं आहे, दान कुठे झालं?” बोलीत मानाचं सुख असतं, आणि तो कामाचा भाग आहे, हे मात्र मी त्यांना बोलले नाही. इथे लिहिते.

उलट बाजूची चूक सोमदेवांनी शेतकऱ्याच्या उदाहरणाने दाखवली आहे. धर्म सोडून जगणारा माणूस म्हणजे पेरणीसाठी ठेवलेलं बियाणं खाणारा कुणबी. आज पोट भरतं, पण मृग लागला की पेरायला काही नाही. मराठवाड्यात हे कोणाला समजावून सांगायला नको. दुष्काळात ज्या घरात बियाण्याच्या ज्वारीला हात लागला, त्या घरातल्या बायकांनी ती रात्र कशी काढली असेल, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. हे सोपं पाप-पुण्य नाही. धर्म इथे पुढच्या हंगामाचं भांडवल आहे, आणि ते खाऊन टाकणारा पुन्हा मूलहरच.

कामाचं प्रकरण छोटं आहे, पण आपल्यासाठी तेच मोलाचं. आपल्याकडे काम म्हटलं की माना खाली जातात, आणि त्यातून चांगल्या बाईला काही हवंसं वाटूच नये असा एक समज घरात मुरलेला आहे. सोमदेव मुनी असूनही तसं म्हणत नाहीत. धर्म आणि अर्थाला धक्का न लावता सुख घ्यावं, त्याने माणूस सुखी होतो, असं त्यांचं म्हणणं. आणि जो स्वतःचं सुख दाबून फक्त पैसा कमावतो, त्याची तुलना ते ओझेवाल्याशी करतात. माल दुसऱ्याचा, मान आपली मोडते. नांदेडच्या मोंढ्यात पाठीवर पोती वाहणारे हमाल बघते तेव्हा हे वाक्य आठवतं, पण खरं सांगू का, आपल्या घराघरांत ते जास्त लागू आहे. चाळीस वर्षं भाजी आवडीची केली ती सगळ्यांच्या, स्वतःच्या आवडीची कोणती हे विचारलं तर आठवत नाही. हा धर्म नाही. मांडवात दिलेल्या वचनात कामही होता, आणि तो दोघांचा होता.

आता मोक्ष. सोमदेवांनी तो नाकारलेला नाही, त्याची जागा वेगळी ठेवली आहे. ‘यशस्तिलका’च्या शेवटच्या भागात त्यांनी श्रावकाचा आचार सांगितला आहे. तिथे ते म्हणतात, गृहस्थाचा धर्म दोन प्रकारचा, एक लौकिक आणि एक पारलौकिक. लौकिक धर्म लोकरीतीवर चालतो. आणि ज्या लोकरीतीने सम्यक्त्वाला बाधा येत नाही आणि व्रताला दोष लागत नाही, ती जैनांना मान्यच आहे. म्हणूनच तर कौटिल्याचे विचार, हिंदूंचा त्रिवर्ग ते निःसंकोच घेऊ शकले. व्यवहारात तिघांचा तोल सगळ्यांचा सारखाच. मोक्षाच्या वाटेवर मात्र कर्मक्षय आणि रत्नत्रय हे आपलं वेगळं.

साधारण त्याच शतकातले आचार्य अमृतचंद्र दुसऱ्या टोकाने बघतात. त्यांच्या ग्रंथाचं नावच ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’. तिथे पुरुष म्हणजे आत्मा, आणि त्याचा खरा अर्थ एकच, आपल्या चैतन्यात अचल होणं. चार नाहीत, तीन नाहीत, एकच. दोन्ही आचार्य दिगंबर, दोघंही खरे. एकाने घरात राहणाऱ्याला सांगितलं, तर दुसऱ्याने शेवटी कुठे पोचायचं ते सांगितलं. आपला गोंधळ तेव्हा होतो, जेव्हा आपण दुसऱ्याचं वाक्य पहिल्याच्या जागी वापरतो आणि सुनेच्या पगारवाढीच्या आनंदावर ‘सगळं असार आहे’ म्हणून पाणी ओततो.

लत्तलूरच्या स्वामींचं पुढे काय झालं तेही सांगते. तिसरा कृष्ण इ.स. ९६७ मध्ये गेला. पाच वर्षांत, ९७२ साली, परमार राजा सीयकाने त्यांची राजधानी मान्यखेट लुटली, आणि लगेच चालुक्य तैलपाने सत्ता घेतली. या घराण्याच्या शेवटच्या वारसाने, चौथ्या इंद्राने, ९८२ मध्ये श्रवणबेळगोळला सल्लेखना घेतली. धर्म, अर्थ आणि काम यांचं मोठं दुकान डोळ्यांदेखत बंद झालेलं, आणि मग चौथी वाट. अर्थ बुडाला म्हणून तो तिकडे वळला की आधीपासून मनात होतं, हे ताम्रपट किंवा शिलालेख सांगत नसतात.

परभणीचा ताम्रपट मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. चालुक्य अरिकेसरीने आपल्या वडिलांनी, बद्देगाने, बांधलेल्या शुभधाम जिनालयासाठी एक गाव सोमदेवांच्या हाती सोपवलं. कवडीचा परिग्रह नसलेल्या मुनींच्या हाती एका गावाचं उत्पन्न! पण ते कशासाठी, हे तांब्यावर कोरून ठेवलं आहे: मंदिराची पडझड दुरुस्त करण्यासाठी, चुन्याच्या सफेदीसाठी आणि पूजेच्या नैवेद्यासाठी.